आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?

‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचं जर्मन भाषांतर रिचर्ड विल्हेल्म यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे कॅरी बेन्स यांनी ते इंग्रजीत आणलं. त्या इंग्रजी आवृत्तीसाठी 1949 साली प्रस्तावना लिहायला बसले ते कार्ल युंग, स्वित्झर्लंडचे जगप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ. विल्हेल्म त्यांचे मित्र. त्यांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. खुद्द युंग तीस वर्षांहून अधिक काळ या ग्रंथाच्या नादी लागलेले होते. त्याची ओळख पाश्चात्त्य वाचकाला कशी करून द्यायची, हा पेच त्यांनी ग्रंथापुढेच ठेवला आणि तीन नाणी उडवली.

एकदा नव्हे, दोनदा. दुसरा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या भूमिकेबद्दल होता. उत्तरात एकोणतिसावी आकृती आली. ती खोल, धोक्याच्या पाण्याची. तिच्यातली एक रेषा बदलली आणि अठ्ठेचाळिसावी आकृती तयार झाली, ती विहिरीची. युंग यांनी लावलेला अर्थ असा : ज्या खड्ड्यात पडायची भीती, तिथेच पाण्याची सोय आहे. मात्र ही विहीर पडकी आहे, गाळाने भरली आहे आणि आधी तिची दुरुस्ती करायला हवी. हा जुना ग्रंथच ती विहीर, असं त्यांनी मानलं.

माणसामाणसांतल्या जुन्या, खोल नात्याबद्दल प्रश्न विचारला आणि हीच आकृती आली, तर तिचं वाचन कसं करतात? यी चिंग वाचणाऱ्यांमध्ये ही आकृती नात्यांच्या प्रश्नाला फार चपखल मानली जाते, आणि तरीही तिचा अर्थ अनेकदा घाईने लावला जातो. त्यासाठी आधी आकृती नीट पाहायला हवी.

यी चिंगमध्ये अशा एकूण 64 आकृत्या आहेत. प्रत्येक आकृतीत एकावर एक सहा आडव्या रेषा असतात, काही अखंड, काही मधोमध तुटलेल्या, आणि त्या खालून वर मोजायच्या. विहिरीच्या आकृतीचं चिनी नाव ‘जिंग’. तिच्यात तळापासून क्रम असा : तुटलेली, अखंड, अखंड, तुटलेली, अखंड, तुटलेली. खालच्या तीन रेषांचा गट म्हणजे लाकूड, वरच्या तिघांचा म्हणजे पाणी. लाकडावर पाणी हे चित्र पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. जुन्या भाष्यकारांनी त्याचा अर्थ लाकडाने उपसलेलं पाणी असा लावला. उत्खननांमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. चीनमधल्या कित्येक प्राचीन विहिरींच्या तळाशी खरोखरच लाकडी चौकट असे. हबेई प्रांतातल्या थायशी इथल्या शांगकालीन विहिरींत अशा चौकटी सापडल्या आणि त्यांच्या आसपास पाणी काढताना हातून सुटलेली मातीची भांडीही सापडली.

ही सुटलेली भांडी महत्त्वाची आहेत, कारण आकृतीच्या मूळ निर्णयवचनात त्यांचाच उल्लेख येतो. त्या वचनाचा आशय दोन भागांत सांगता येतो. पहिला भाग असा की गाव हलवता येतं, विहीर हलवता येत नाही. प्राचीन चीनमध्ये राजधान्या खरोखरच हलवल्या जात. शांग राजांनी तर त्या अनेकदा बदलल्या. माणसं येतात, पाणी भरतात, निघून जातात. विहीर त्याने आटत नाही की भरून वाहत नाही. दुसरा भाग धोक्याचा आहे. दोर पाण्याच्या अगदी जवळ पोचला आणि तिथेच संपला, किंवा वर येता येता मडकं फुटलं, तर ते अशुभ.

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. विहिरीच्या आकृतीचा रोख नेमका याच्या उलट आहे. आडात आहे. तरी पोहऱ्यात का येत नाही, ते बघा. पंचवीस वर्षांचा संसार, शाळेपासूनची मैत्री, भावाबहिणीचं नातं अशा गोष्टींबद्दल कुणी विचारतं तेव्हा मनात भीती असते ती ओलावा आटल्याची. ही आकृती त्या भीतीला हातच घालत नाही. पाणी आहे हे ती गृहीत धरते आणि सगळं लक्ष दोर, भांडं, गाळ आणि भिंती यांच्याकडे वळवते. म्हणजे ज्या गोष्टींची निगा माणसाच्या हातात आहे, त्यांच्याकडे.

आकृती काढायची सर्वांत सोपी रीत तीन नाण्यांची. छाप्याला 3 आणि काट्याला 2 गुण धरायचे, तिन्ही नाणी एकदम उडवायची आणि बेरीज मांडायची. 7 आले तर अखंड रेषा, 8 आले तर तुटलेली. 9 आले तर रेषा अखंडच, पण बदलण्याच्या बेतात असलेली. 6 आले तर तुटलेली, तीही तशीच. असं सहा वेळा केलं की तळापासून वर आकृती पुरी होते. 6 आणि 9 च्या रेषांना ‘बदलत्या रेषा’ म्हणतात. प्रश्नकर्त्याने त्या रेषांची वचनं वाचायची असतात. एखादी रेषा बदलती निघण्याची शक्यता चारांत एक असते. त्यामुळे सहाही रेषा स्थिर राहिल्या, असं शंभरातून साधारण अठरा वेळा घडतं. तेव्हा फक्त वर सांगितलेलं निर्णयवचन वाचायचं.

विहिरीच्या सहा रेषा म्हणजे एका पडीक विहिरीची तळापासून काठापर्यंतची गोष्ट आहे. पहिल्या रेषेत नुसता चिखल आहे. त्याला कुणी तोंड लावत नाही, पाखरंसुद्धा फिरकत नाहीत. दुसरीत पाणी आहे, पण ते तळच्या लहान माशांपुरतं. वर काढायला जावं तर मडकं गळकं. तिसरीत गाळ काढून झाला आहे, पाणी स्वच्छ आहे आणि तरी पिणारा कुणी नाही. चौथीत विहिरीला आतून बांधकाम चाललं आहे. पाचवीत थंडगार, नितळ झरा आहे आणि लोक त्याचं पाणी पितात. सहावीत पाणी काठावर येतं आणि विहिरीवर झाकण टाकू नका असं बजावलेलं आहे.

जाणकार वाचक इथे एक बारकावा दाखवतात. सहा रेषांपैकी शुभाशुभाचा ठसा फक्त दोनच रेषांवर आहे. चौथीवर ‘दोष नाही’ असा शेरा आहे आणि सहावीवर मोठं शुभ. पाचव्या रेषेत पाणी सर्वांत चांगलं, तरीही तिथे शुभ असा शब्द नाही. याकडे विल्हेल्म यांनी मुद्दाम लक्ष वेधलं आहे. छिंगताओ इथे मिशनरी म्हणून गेलेल्या विल्हेल्म यांनी हा ग्रंथ लाओ नायश्वान या जुन्या परंपरेतल्या विद्वानाजवळ बसून अभ्यासला होता. त्यांचं म्हणणं, विहिरीचं पाणी कितीही गोड असो, ते उपसलं गेलं पाहिजे. नात्याच्या वाचनात हा मुद्दा रोकडा आहे. मनात माया असणं ही झाली पाचवी रेषा. ती समोरच्यापर्यंत पोचली की सहावी.

तिसरी रेषा मात्र वेगळी काढून पाहायला हवी, कारण तिच्यामागे चीनच्या इतिहासातलं एक गाजलेलं तुटलेलं नातं उभं आहे. छू राज्याचा मंत्री आणि कवी छ्यू युआन हा राजा ह्वाय याचा निष्ठावान सल्लागार होता. दरबारातल्या मत्सरी लोकांनी कान भरले आणि राजाने त्याला दूर केलं. छिन राज्यात जाऊ नका, असं सांगूनही राजा गेला. इ.स.पू. 299 मध्ये तिथे अडकला आणि पुढे कैदेतच मेला. छ्यू युआनने अखेर मीलुओ नदीत उडी घेतली. चीनमधला ड्रॅगन नौकांचा उत्सव आजही त्याच्या नावाशी जोडला जातो. इतिहासकार सीमा छियेन याने त्याचं चरित्र लिहिताना नेमकं विहिरीच्या तिसऱ्या रेषेचं वचन आणून ठेवलं. गाळ काढलेली विहीर होती, पाणी पिण्याजोगं होतं. राजाला ओळख असती तर दोघांचंही भलं झालं असतं. ओळखच नाही म्हटल्यावर कसलं भलं, अशी सीमा छियेनची पुस्तीही त्याला आहे.

म्हणूनच नात्याच्या प्रश्नात तिसरी रेषा बदलती आली, तर अनुभवी वाचक ‘आणखी प्रयत्न करा’ असं सांगत नाहीत. विचारणाऱ्याच्या बाजूचा गाळ निघालेला आहे. उरलेलं काम दुसऱ्या बाजूने पाहण्याचं, ओळखण्याचं आहे. विचारणारा स्वतःच न ओळखणाऱ्या राजाच्या जागी असण्याचाही संभव असतो. दोघांपैकी विहीर कोण आणि तिच्यावरून तहानलेला निघून गेलेला कोण, हे प्रश्न विचारणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता एक नमुना पूर्ण सोडवून पाहू. ही कल्पित गोष्ट आहे, पण प्रश्न नेहमीचा. दोघी मैत्रिणी कॉलेजपासूनच्या, आता पन्नाशीकडे झुकलेल्या. एक लग्नानंतर दुसऱ्या शहरात गेली. भांडण कधीच नाही. तरी गेल्या काही वर्षांत बोलणं वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आलं आहे. पहिलीने मांडलेला प्रश्न ‘ही मैत्री टिकेल का?’ असा असता, तर नाण्यांकडून तिला धड काही हाती लागलं नसतं. या ग्रंथाची वचनं हो-नाहीच्या साच्यात बसत नाहीत. तिने विचारलं, ‘या मैत्रीसाठी मी आता काय करायला हवं?’

नाण्यांची बेरीज तळापासून अशी आली : 8, 7, 7, 6, 7, 8. म्हणजे विहिरीची आकृती, आणि चौथी रेषा बदलती. बाराव्या शतकातला चू शी हा भाष्यकार अशा वेळचा नियम सांगून गेला आहे. एकच रेषा बदलती असेल तर त्याच रेषेचं वचन मुख्य मानायचं. दोन असतील तर दोन्ही वाचायची आणि वरचीला अधिक वजन द्यायचं. तेव्हा इथे उत्तर आहे ते विहिरीला आतून बांधकाम करण्याचं.

बांधकामाचा खरा अर्थ काय? नुसती खणलेली विहीर काही दिवस पाणी देते, मग भिंतींची माती सुटून पाण्यात पडू लागते. प्राचीन चीनमध्ये यावर भाजलेल्या मातीची मोठी कडी एकावर एक बसवण्याचा उपाय होता. वॉरिंग स्टेट्स काळातल्या अशा कड्यांच्या विहिरी उत्खननांत मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. बांधकामाने पाणी वाढत नाही. असलेलं पाणी गढूळ व्हायचं थांबतं, इतकंच. त्यामुळे या रेषेचं वाचन करताना ‘पुन्हा पूर्वीसारखं भरभरून बोला’ असा सल्ला निघत नाही. आपल्या नमुन्यातल्या बाईने आधी शोधायचं, की माती कुठून सुटते आहे. तिच्या लक्षात येतं की दोघी फोन करतात त्या कामं उरकता उरकता. एक भाजी चिरत असते, दुसरी रिक्षात असते. अर्धं वाक्य अर्ध्यावर राहतं आणि ‘नंतर बोलू’ म्हणून ठेवून दिलेलं नंतर कधी उगवत नाही. पाण्यापर्यंत जवळजवळ पोचून संपणारा दोर तो हाच. महिन्यातून एक ठरलेली वेळ, हातात दुसरं काही नाही, एवढी साधी सोय म्हणजे त्या भिंतीचं पहिलं कडं.

चौथ्या रेषेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि विल्हेल्म यांच्या भाष्यात ती स्पष्ट येते. बांधकाम चालू असताना विहीर वापरता येत नाही. सुरुवातीचे ठरवून केलेले फोन अवघडल्यासारखे होतील, बोलायला विषय सुचणार नाहीत, आणि इतक्यात मनातलं काही बाहेर येणार नाही. ‘दोष नाही’ हा शेरा तेवढ्यासाठीच आहे. त्या काळात फळ दिसलं नाही म्हणून काम चुकलं असं समजायचं नाही.

चौथी रेषा तुटलेलीची अखंड झाली की नवी आकृती बनते, अठ्ठाविसावी. तिचं चित्र घराच्या आढ्याच्या तुळईचं आहे. मधल्या भागात भार जास्त आणि दोन्ही टोकं कमकुवत, म्हणून तुळई वाकते. चू शीच्या नियमाप्रमाणे ही दुसरी आकृती इथे वाचायची गरज नाही. आधुनिक वाचक, विशेषतः पाश्चात्त्य, ती पार्श्वभूमी किंवा पुढची दिशा म्हणून वाचतात. या नमुन्यात ती उपयोगी पडते. एकाच ठिकाणी आलेला भार कोणता, असं विचारलं की त्या बाईला आठवतं : मागची दोन वर्षं प्रत्येक फोन तिच्या आईच्या आजारपणाबद्दल होता. मैत्रीण ऐकत राहिली. मैत्रिणीच्या घरी काय चाललं आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. अठ्ठाविसाव्या आकृतीच्या वचनात हातावर हात धरून न बसता कुठेतरी निघणं हिताचं, असंही सुचवलेलं आहे. पुढच्या फोनमध्ये आधी मैत्रिणीची चौकशी करायची, हा त्याचा सरळ अर्थ.

चुका होतात त्या साधारण तीन ठिकाणी. पहिली चूक, उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा नाणी उडवण्याची. याच ग्रंथाची चौथी आकृती तेच ते पुन्हा विचारणाऱ्याला चक्क फटकारते. आणि गणित पाहिलं तरी, पुरेशा वेळा उडवत राहिलं की हवी ती आकृती कधी ना कधी येणारच. चूक झाल्याची खूणही सोपी आहे. वहीत एकाच आठवड्यात एकाच माणसाबद्दलच्या तीन-चार नोंदी दिसल्या, तर वाचन थांबलेलं असतं आणि मनाजोगतं उत्तर मिळवण्याची खटपट सुरू झालेली असते.

दुसरी चूक दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची. ‘तो परत येईल का’, ‘तिच्या मनात काय आहे’ या प्रश्नांवर विहिरीची आकृती आली की लोक ‘पाणी खोल आहे, म्हणजे प्रेम आहे’ असं समाधान करून घेतात. पण आकृतीतल्या सगळ्या क्रिया पाणी काढणाऱ्याच्या आहेत, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या. नाणी कशी पडणार हे प्रश्नावर अवलंबून असतं, याला कसलाही वैज्ञानिक पुरावा नाही. वाचनाचा उपयोग होतो तो विचाराला वेगळ्या वाटेने नेण्यासाठी. दोर, भांडं, गाळ आणि भिंत असे चार नेमके प्रश्न समोर आले, की माणूस एरवी न पाहिलेल्या ठिकाणी पाहतो. दुसऱ्याच्या मनाची बातमी त्यातून मिळत नाही.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. गाव बदलतं, विहीर बदलत नाही, या वचनाचा आधार घेऊन काही जण कसलंही नातं काहीही सोसून टिकवायला हवं असा निष्कर्ष काढतात. आकृतीची पहिलीच रेषा त्याला छेद देते. तिथली विहीर जुनी आहे, चिखलाची आहे, आणि तिच्याकडे कुणी फिरकत नाही याबद्दल ग्रंथाने कुणालाही दोष दिलेला नाही. मारहाण, धाक, फसवणूक यांचा संबंध असेल, तर तो प्रश्न नाण्यांपुढे मांडायचाच नसतो. तो जवळच्या विश्वासू माणसाकडे, वकिलाकडे किंवा पोलिसांकडे न्यायचा असतो.

64 आकृत्यांच्या क्रमातही विहिरीची जागा सूचक आहे. तिच्या आधीची सत्तेचाळिसावी आकृती दमछाकीची, नंतरची एकोणपन्नासावी आमूलाग्र बदलाची. हा क्रम समजावणारी जुनी टिपणी म्हणते की वर वाटा खुंटल्या की माणूस खाली, विहिरीकडे वळतो. आणि विहिरीला अधूनमधून नवं करावंच लागतं, म्हणून तिच्यामागून बदल येतो. चौथ्या शतकातला भाष्यकार हान खांगबो याने कारणही दिलं आहे : विहीर फार काळ तशीच राहिली की घाण साचते.

म्हणून नेमाने वाचन करणारे वहीत तारीख, प्रश्न, सहा बेरजा आणि आपण काय करायचं ठरवलं एवढं लिहून ठेवतात आणि काही महिन्यांनी ते पान उघडतात. आपल्या नमुन्यातल्या बाईने त्या वेळी तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ठरलेले फोन किती झाले, किती हुकले? अवघडलेपण कमी झालं का? आणि मुख्य म्हणजे, मैत्रिणीने कधी आपणहून, वेळ ठरलेली नसताना, स्वतःची काही अडचण सांगायला फोन केला का? केला असेल, तर सहाव्या रेषेतलं बिनझाकणाचं पाणी वापरात आलं. सगळं नीट पार पाडूनही तिकडून काहीच हालचाल नसेल, तर तिने वाचायची रेषा आता तिसरी, छ्यू युआनची. मग पुढचा फोन कधी करायचा, की करायचाच नाही, हे ठरवताना नाणी पुन्हा काढायचं कारण नाही.